४९८-अ चा गुन्हा उच्च न्यायालयात रद्द करून घेताना या चुका टाळा

सासरी छळ झाल्याची फिर्याद नोंदली गेली की कुटुंबातील सहा-सात जण एकदमच आरोपी होतात आणि कोणीतरी हमखास सुचवते की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील उच्च न्यायालयाच्या खंडपीठात अर्ज टाका, गुन्हा रद्द होईल. हा अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून तोच अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे आणि नागपूरच्या वकिलांच्या बोलण्यात असा अर्ज ‘एपीएल’ म्हणूनच ओळखला जातो. कायदा हा अधिकार देत नाही, तो उच्च न्यायालयाकडे मुळातच असल्याचे मान्य करतो. म्हणूनच तो जपून वापरला जातो, आणि बहुतेक अर्ज फसतात ते हे न ओळखल्यामुळे.

एक काल्पनिक प्रकरण घेऊ. विवाहिता पुण्याहून नागपूरला माहेरी परतली आणि येथील पोलीस ठाण्यात तिने पती, सासू, सासरे व अमरावतीस राहणारी विवाहित नणंद यांच्याविरुद्ध फिर्याद दिली. पतीने मारहाण केली, सासूने पाच लाख रुपये आणण्यास सांगितले, असे प्रसंग व तारखांसह त्यात लिहिले आहे. सासरे आणि नणंद यांच्याविषयी मात्र ‘हे सर्व मिळून त्रास देत होते’ एवढेच वाक्य आहे.

येथे पहिली चूक होते ती चौघांसाठी एकच सरसकट मांडणी करण्याची. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या भजनलाल निकालाने गुन्हा रद्द करता येईल अशा सात परिस्थिती उदाहरणादाखल सांगितल्या, आणि त्यांपैकी येथे लागू पडते ती पहिली: फिर्यादीतील मजकूर जसाच्या तसा खरा मानला तरी गुन्हा घडल्याचे दिसत नाही. ही कसोटी प्रत्येक आरोपीला स्वतंत्रपणे लावावी लागते. सासरे व नणंद यांच्याबाबत ती बहुधा पूर्ण होते, कारण कृती, प्रसंग किंवा मागणी यांपैकी काहीच त्यांच्या नावावर नाही. गीता मेहरोत्रा (२०१२) आणि कहकशां कौसर (२०२२) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने अशाच मोघम आरोपांवर नातेवाइकांविरुद्धची कारवाई रद्द केली. पती आणि सासूंना हा मार्ग सहसा खुला नाही. त्यांना त्याच अर्जात ओढले की चांगला मुद्दा वाईट मुद्द्याखाली दडपला जातो.

दुसरी चूक म्हणजे बचावाचा पुरावाच अर्जात ओतणे. ‘ती स्वतःच भांडखोर होती’ हे दाखवणाऱ्या व्हॉट्सॲप संदेशांची पन्नास पाने जोडली जातात, परंतु खरे-खोटे ठरवणे हे खटल्याचे काम आहे. निर्विवाद आणि उच्च दर्जाचे दस्तऐवजच येथे विचारात घेतले जातात, आणि तेही क्वचित. घटना पुण्यात घडल्या म्हणून नागपूरला गुन्हा नोंदताच येत नाही, हा मुद्दाही टिकत नाही: छळामुळे आश्रय घेतलेल्या ठिकाणीही फिर्याद करता येते, असे २०१९ च्या रूपाली देवी निकालाने ठरवले आहे.

अर्ज प्रलंबित असताना दोषारोपपत्र दाखल झाले तर अर्ज आपोआप संपत नाही, मात्र दुरुस्ती करून दोषारोपपत्रालाही आव्हान द्यावे लागते. ते आधी वाचावे, कारण मूळ फिर्यादीत नसलेली नणंदेची भूमिका साक्षीदारांच्या जबाबांत अनेकदा तपशिलाने येते आणि मग ‘मोघम आरोप’ हा मुद्दाच उरत नाही.

अटकेच्या भीतीपोटी याच अर्जावर विसंबणे ही आणखी मोठी चूक. नीहारिका इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २०२१ च्या निकालाने तपास सुरू असताना ‘कठोर कारवाई करू नये’ असे सरसकट अंतरिम आदेश न देण्याबाबत उच्च न्यायालयांना बजावले आहे, तेव्हा अटकपूर्व जामिनाचा अर्ज सत्र न्यायालयात स्वतंत्रपणेच करावा.

पतीसाठी प्रत्यक्षात उपयोगी पडतो तो समेटाचा मार्ग. ४९८-अ हा गुन्हा संहितेतील तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही, त्यामुळे ‘आम्ही मिटवले’ एवढ्यावर दंडाधिकारी खटला बंद करत नाहीत. पण ज्ञान सिंग (२०१२) निकालानुसार वैवाहिक वादातून उद्भवलेला असा खटला उच्च न्यायालय समेटावरून रद्द करू शकते. खून, बलात्कार, दरोडा यांसारख्या गुन्ह्यांत ही सवलत नाही, कारण ते केवळ दोन पक्षांमधील भांडण राहत नाही.

समेटाच्या अर्जातही घोळ होतो तो हिशेबाचा. संमतीच्या अटींत पोटगीची एकरकमी रक्कम, स्त्रीधन परत दिल्याची यादी आणि कौटुंबिक न्यायालयातील परस्परसंमतीच्या घटस्फोटाची स्थिती स्पष्ट लिहिलेली हवी. फिर्यादीचे प्रतिज्ञापत्र जोडले तरी न्यायालय तिला प्रत्यक्ष किंवा दूरदृश्य प्रणालीवर हजर ठेवून दबाव आहे का, असे विचारू शकते. पूर्ण रक्कम ‘गुन्हा रद्द झाल्यावर’ देण्याचे ठरलेले असेल तर ती हजरच होत नाही, हे अनेकदा घडते. म्हणून बराचसा भाग आधी आणि उरलेला त्याच दिवशी डिमांड ड्राफ्टने द्यावा व तसे अटींतच नोंदवावे.