अंगठीचा साइज बदलून वाचताना आधी मिमी पकडा

बोटात नीट बसणारी अंगठी घ्या आणि कॅलिपरच्या आतल्या जबड्यांनी तिचा आतला व्यास मोजा. जबडे थोडे हलवून जे सर्वात मोठं माप येईल तेच खरं. वापरलेली अंगठी बहुधा किंचित लांबट झालेली असते, म्हणून ती काटकोनात फिरवून पुन्हा मोजा आणि दोन्ही मापांची सरासरी काढा. बाहेरून मोजलंत तर धातूची जाडी मिसळते आणि सगळंच फसतं.

समजा व्यास १७.३ मिमी आला. त्याला ३.१४ ने गुणलं की आतला परीघ सुमारे ५४.३ मिमी. युरोपातल्या बऱ्याच देशांत हाच परीघ साइज म्हणून वापरतात, म्हणजे तिथे ५४. अमेरिकन आकड्यासाठी व्यासातून ११.६३ वजा करून ०.८१३ ने भागा: उत्तर जवळपास ७. ब्रिटिश अक्षरांत ‘ए’चा परीघ ३७.५ मिमी धरतात आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला १.२५ मिमी वाढतात. इथे ‘ए’पासून साडेतेरा पायऱ्यांच्या आसपास, म्हणजे ‘एन’ आणि ‘ओ’च्या मधोमध.

व्यासात फक्त ०.४ मिमी चूक झाली तरी अमेरिकन साइज अर्ध्याने सरकतो, त्यामुळे साध्या पट्टीवर माझा भरवसा नाही. रुंद पट्ट्याची अंगठी त्याच मापात घट्ट लागते. तिथे अर्धा साइज वर जा. ऑर्डर देताना साइजशेजारी व्यासही मिमीमध्ये लिहा.