टेस्टोस्टेरॉन बूस्टरचा डबा विकत घेण्याआधी: रक्त कधी द्यावं आणि रिपोर्ट कसा वाचावा

सातपूर एमआयडीसीत काम करणारा २४ वर्षांचा एक मुलगा मागच्या पावसाळ्यात आमच्या लॅबमध्ये आला. हातात दुसऱ्या एका लॅबचा रिपोर्ट होता. टेस्टोस्टेरॉन २६८ आणि शेजारी खालच्या दिशेचा बाण. जिममधल्या कुणीतरी तो बाण बघून त्याला महिन्याला अडीच हजारांचा बूस्टर घ्यायला सांगितलं होतं. "काका, माझं वय काय आणि हे काय झालं?" एवढंच तो विचारत होता. रक्त तपासण्याचंच माझं काम असल्यामुळे मी आधी त्याला विचारलं, "रक्त किती वाजता दिलं होतंस?"

संध्याकाळी साडेपाच वाजता. त्याआधीचा आठवडा नाईट शिफ्टचा, दिवसा जेमतेम चार तास झोप, आणि लॅबमध्ये जाण्यापूर्वी मिसळ-पाव. रक्त द्यायला याहून चुकीची वेळ निवडणं कठीण.

हे संप्रेरक दिवसभर एका पातळीवर राहत नाही. रात्रीच्या झोपेत ते वाढत जातं, पहाटे-सकाळी सर्वात वर असतं आणि दुपारी चारपर्यंत तरुणांमध्येही साधारण पाचवा हिस्सा खाली येतं. खाल्ल्यावर ते काही तास आणखी उतरतं. झोपेचा परिणाम तर मोजलेला आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोच्या एका अभ्यासात १० निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटलं. म्हणजे या मुलाच्या २६८मध्ये संध्याकाळ, मिसळ आणि नाईट शिफ्ट असं तिन्ही मिसळलेलं होतं.

आधी ठरवा, तपासणी हवी आहे का

जिममध्ये वजन वाढत नाही किंवा दंड भरत नाहीत, एवढ्यावरून ही तपासणी करू नका. कामेच्छा बरेच महिने कमी झाली असेल, सकाळी येणारा ताठरपणा जवळजवळ थांबला असेल, दाढी-अंगावरचे केस विरळ होत असतील, छातीत दुखरी गाठ लागत असेल किंवा मूल होत नसेल, तर मात्र करा. त्यासाठी आधी डॉक्टरांकडे जाऊन चिठ्ठी घ्या. वृषणांची तपासणी हातानं करावी लागते. ते काम रिपोर्ट करत नाही.

रक्त देण्याची तयारी

सकाळी ७ ते १०च्या दरम्यान, उपाशी पोटी, चहासुद्धा न घेता या. आदल्या रात्री सात तास झोप झालेली हवी. ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन आठवडे थांबा, कारण आजारपणात पातळी आपोआप पडते. नाईट शिफ्ट चालू असताना तपासणी करू नका. दिवसपाळीचे निदान दोन आठवडे जाऊ द्या.

केसांसाठी गोळ्या घेत असाल तर हे मुद्दाम सांगतो. त्यांत बहुतेकदा बायोटिन असतं, अनेकदा ५ किंवा १० मिलिग्रॅम. अनेक मशिनच्या तपासणीत बायोटिन ढवळाढवळ करतं आणि टेस्टोस्टेरॉन असतं त्याहून जास्त दिसू शकतं. त्या गोळ्या निदान तीन दिवस आधी बंद करा आणि रक्त घेणाऱ्याला तसं सांगा.

आकडा वाचताना

आधी एकक बघा. एखादी लॅब नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देते, दुसरी नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. पहिलीत ४६० दिसेल तिथे दुसरीत ४.६ दिसेल, आणि रक्त तेच. ४.६ बघून घाबरलेले दोघं-तिघं मी पाहिले आहेत. डेसिलिटरच्या हिशेबात १९ ते ३९ वयाच्या, लठ्ठ नसलेल्या पुरुषांसाठी साधारण २६४ ते ९१६ ही मर्यादा एन्डोक्राइन तज्ज्ञ धरतात. तुमच्या रिपोर्टवर छापलेली मर्यादा त्याच मशिनची असते, म्हणून तीही बघा.

एका तपासणीवर निष्कर्ष काढू नका. कमी आली तर दुसऱ्या एखाद्या दिवशी सकाळी पुन्हा तशीच करायची. आमच्या मुलानं जनरल शिफ्टचे दोन आठवडे झाल्यावर सकाळी सव्वाआठला रक्त दिलं, तर ४७२ आलं. चार दिवसांनी पुन्हा दिलं, तर ४५१. बाण नाहीसा झाला होता, आणि डबा अजून घेतलेलाच नव्हता.

डब्यात नक्की काय असतं

त्यानं मोबाइलवर लेबल दाखवलं. वर ट्रिब्युलस असं भारदस्त नाव होतं. आपल्याकडे त्यालाच गोखरू म्हणतात. रानात अनवाणी चालताना पायात घुसतात आणि सायकल पंक्चर करतात ते सराटे. तरुण पुरुषांवर आणि रग्बी खेळाडूंवर त्याचे नियंत्रित प्रयोग झाले आहेत आणि त्यांत टेस्टोस्टेरॉन वाढलं नाही. पुढे डी-अस्पार्टिक अॅसिड. २००९च्या एका छोट्या अभ्यासात १२ दिवसांत वाढ दिसली म्हणून त्याचा गवगवा झाला. नंतर व्यायाम करणाऱ्या तरुणांना २८ दिवस दिलं तर काही फरक पडला नाही, आणि रोज ६ ग्रॅम दिलेल्या दुसऱ्या प्रयोगात पातळी उलट उतरली.

अश्वगंधेच्या बाजूनं काही छोट्या चाचण्या आहेत, पण वाढ माफक दिसते आणि माणसं मोजकी, दोन-तीन महिन्यांपुरती. दुसऱ्या बाजूनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडच्या औषधांशी तिचं जुळत नाही. म्हणून "आपली आयुर्वेदिकच आहे" असं म्हणून घेऊ नका. झिंकची कमतरता असेल तर झिंकनं फायदा होतो. नसेल तर होत नाही, आणि रोज ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त झिंक बराच काळ घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होऊन रक्तक्षय होऊ शकतो.

लेबलवर 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहिलेलं असेल तर डबा परत ठेवा. त्यात सगळ्यांचं एकत्र वजन दिलेलं असतं, कुठला घटक किती ते नसतं. एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक परवाना असल्याचं सांगतो, औषध गुणकारी असल्याचं नाही.

दोन्ही वेळा कमी आलं तर

आता पुढच्या तपासण्या: एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड. एलएच हा मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीनं वृषणांना पाठवलेला निरोप आहे. टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएच वाढलेलं असेल, तर निरोप पोहोचतोय पण वृषणं काम करत नाहीत. एलएच कमी किंवा अधलंमधलं असेल, तर निरोपच नीट निघत नाही. तिथे वाढलेलं प्रोलॅक्टिन, वजन किंवा औषधं यांकडे बघावं लागतं. वजन बरंच जास्त असेल तर टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारं प्रथिन कमी होतं. मग एकूण आकडा पडलेला दिसतो, पण मोकळं टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं. डॉक्टर तेही मोजायला सांगतील. यातला कुठलाच बिघाड सराट्यांनी दुरुस्त होणारा नाही.

टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन स्वतःहून अजिबात घेऊ नका. बाहेरून संप्रेरक आलं की पिट्युटरी निरोप थांबवते आणि वृषणात शुक्राणू बनणं बंद पडू शकतं. २४-२५व्या वर्षी, लग्नाचं बोलणं चालू असताना, ही लहान गोष्ट नाही.

आणि डबा आधीच सुरू केला असेल तर तो डॉक्टरांपुढे नेऊन ठेवा, लपवू नका. काही डब्यांत लेबलवर न लिहिलेली स्टिरॉइड मिसळलेली सापडली आहेत. डब्यात टेस्टोस्टेरॉनच असेल तर रिपोर्टमध्ये ते भरपूर आणि एलएच जवळजवळ शून्य येतं. दुसरं एखादं कृत्रिम स्टिरॉइड असेल तर दोन्ही पडलेले दिसतात, आणि चांगलं कोलेस्टेरॉलही खाली गेलेलं असतं. असा रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना डब्याची तारीख, रोज किती चमचे घेतले आणि किती महिने घेतले हे तिन्ही लिहून द्या.