स्टिकरचा गम निघत नाही? या चुका टाळा

एप्रिलमध्ये दादरच्या मंडईत कैऱ्या दिसू लागल्या की आमच्याकडे वर्षभर जमवलेल्या काचेच्या बरण्या माळ्यावरून खाली येतात. जॅमच्या, मधाच्या, कॉफीच्या. लेबल उतरवताना बहुतेक घरांत एकच चूक होते: बरणी पाण्यात बुडवायची आणि मग घासणीने घासत बसायचं. कागद निघतो, पण गम तसाच राहतो आणि घासल्यामुळे बरणीभर पसरतो.

गम दोन प्रकारचे असतात. ओलं बोट फिरवल्यावर तो बुळबुळीत झाला, तर तो पाण्यात विरघळणारा आहे. कोमट पाण्यात अर्धा तास ठेवली की बरणी साफ होते. बोटाखाली त्याच्या वळ्या झाल्या किंवा तो चिकटच राहिला, तर तिथे पाण्याचं काम संपलं. त्याला तेल लागतं.

गेल्या वर्षी मधाच्या एका बरणीवर मी आधी तेलच चोपडलं. काहीच झालं नाही, कारण वर कागद होता आणि तेल गमापर्यंत पोचतच नव्हतं. मग बरणीत गरम पाणी भरलं (उकळतं नाही, थंड काच तडकते). दहा मिनिटांनी लेबलचा कोपरा नखाने उचलला आणि लेबल मागे दुमडत अगदी सावकाश ओढलं. झटका दिला की कागद फाटतो आणि त्याचा खालचा थर गमाला चिकटून राहतो. तसा थर राहिलाच, तर तो ओला करून बोटाने चोळून काढा.

यानंतर बरणी पुसून पूर्ण कोरडी करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. ओल्या गमावर तेल बसत नाही. कोरड्या गमावर चमचाभर खोबरेल तेल लावून अर्धा तास थांबा. गम फुगून सैल होतो, जुन्या सुती कापडाने पुसला की निघतो. हट्टी असेल तर तेलात तेवढाच खायचा सोडा कालवून हलक्या हाताने चोळा. शेवटी भांडी घासायचा साबण आधी तेलावरच चोळा, पाणी नंतर घाला. आधी पाणी घातलं तर तेल नुसतं इकडून तिकडे सरकतं. लोणचं भरायचं असेल तर बरणी उन्हात खडखडीत वाळवा.

स्टीलच्या डब्यावर तारेची घासणी आणि सुरी नकोच. गम जाईल, पण ओरखडे कायमचे राहतील. आत गरम पाणी भरलं की पत्रा पटकन तापतो आणि स्टिकर सोडतो. डबा गॅसवर मात्र धरू नका.

सगळ्यात जास्त नुकसान प्लास्टिकचं होतं. नेलपेंट रिमूव्हर काचेवर चालतो, म्हणून लोक तोच पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या डब्यावर लावतात. त्यातल्या ॲसिटोनने असं बरंचसं प्लास्टिकच विरघळतं आणि डबा पांढुरका, खरखरीत होतो. तो डाग धुऊन जात नाही, कारण तो डाग नसून झिजलेला पृष्ठभाग असतो. थिनरचंही तेच. प्लास्टिकवर फक्त तेल आणि बोट वापरा, लागला तर तासभर जाऊ द्या.