टर्निंगच्या पार्टसाठी कोटेशनचा मेल कसा लिहावा

रबाळे एमआयडीसीत परचेसला लागल्यावर मी पाठवलेला पहिला मेल एका ओळीचा होता: 'ईएन ८ पिन, डाया २०, लांबी ८५, ५०० नग, रेट कळवा.' सोबत ड्रॉइंग होतं. वागळे इस्टेटमधल्या दोघांचे आणि महापेच्या एकाचा असे तीन रेट आले. सगळ्यांत वरचा रेट खालच्याच्या जवळपास दुप्पट होता. मी महागड्याला फोन करून घासाघीस सुरू केली, तेव्हा त्याने विचारलं, "साहेब, २० चं माप प्लेटिंगच्या आधीचं की नंतरचं?" मला सांगता आलं नाही. तिघांनी एकच पार्ट समजून रेट दिले नव्हते.

तोच पिन घेऊन मेल कसा तयार करायचा ते सांगतो. मशिनच्या झाकणाच्या बिजागरीचा हा पिन आहे: डाया २०, एका टोकाला एम १२ चे आटे, वर झिंक प्लेटिंग.

आधी ड्रॉइंग वाचा, मग डिझाइनवाल्याकडे जा

ड्रॉइंगवर डाया २० पुढे स्मॉल एच ६ लिहिलं होतं. म्हणजे माप २०.००० ते १९.९८७, एकूण सूट १३ मायक्रॉन. मेलमध्ये मात्र नुसतं 'एच ६' लिहू नका. स्मॉल एच शाफ्टसाठी, कॅपिटल एच भोकासाठी. टाइप करताना कॅपिटल पडला तर तेच माप २०.००० ते २०.०१३ होतं आणि पिन भोकात अडकू शकतो. म्हणून खूण लिहा आणि शेजारी दोन्ही टोकांची मापं आकड्यांत लिहा.

आता प्लेटिंग. झिंकचा थर ८ मायक्रॉन म्हटला, तरी तो दोन्ही बाजूंना बसतो, म्हणून डाया १६ मायक्रॉनने वाढतो. थर सगळीकडे सारखा बसत नाही. ८ ते १२ मायक्रॉन धरला तर डाया १६ ते २४ मायक्रॉनने वाढणार. प्लेटिंगनंतर पिन २०.००० च्या वर जाऊ नये म्हणून आधीचं माप जास्तीत जास्त १९.९७६ ठेवावं लागेल. १९.९८७ च्या खालीही जाऊ नये म्हणून कमीत कमी १९.९७१. व्हेंडरच्या हातात उरले ५ मायक्रॉन. हे लेथवर होत नाही, नीट ग्राइंडिंग करावं लागतं, आणि तरीही काही माल रिजेक्ट होणार हे धरूनच तो रेट देतो. महागड्या व्हेंडरने हाच हिशोब केला होता. बाकी दोघांनी २० हे प्लेटिंगच्या आधीचं माप धरलं होतं. त्यांचा माल आला असता तर पिन बुशमध्ये अडकले असते.

मी डिझाइनवाल्याला विचारलं, हा पिन नक्की करतो काय? झाकण दिवसातून दोन-चार वेळा हाताने उघडतं. बुशचं भोक २०.००० ते २०.०२१. एवढ्या कामाला स्मॉल एच ९ पुरतो, म्हणजे २०.००० ते १९.९४८. वरचाच हिशोब पुन्हा केला तर प्लेटिंगच्या आधी १९.९७६ ते १९.९३२ मिळतं, ४४ मायक्रॉन. हे सीएनसी लेथवर आरामात बसतं, ग्राइंडिंगची गरजच उरत नाही. त्याने ड्रॉइंग बदलून रेव्हिजन बी काढली. टॉलरन्स आपल्या मनाने सैल करायचा नाही, ते डिझाइनचं काम आहे. पण हा प्रश्न रेट मागवण्याआधी विचारणं परचेसचं काम आहे. रेट आल्यावर विचारलात तर सगळ्यांना पुन्हा कोट करायला लावावं लागतं.

आट्यांचंही असंच. प्लेटिंगच्या जाडीच्या साधारण चौपटीने आट्यांचा पिच डायमीटर वाढतो. म्हणून गो रिंग गेज प्लेटिंगनंतर गेला पाहिजे, असं स्पष्ट लिहा.

मटेरियल

'ईएन ८ किंवा तत्सम' असं कधीच लिहू नका. 'तत्सम'मध्ये साधा एमएस ब्राइट बारही बसवला जातो, आणि टर्निंग झाल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही. ईएन ८ मध्ये कार्बन साधारण ०.३५ ते ०.४५ टक्के असतो, एमएसमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. हीट नंबर असलेलं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि शंका आली तर एक पीस लॅबमध्ये स्पेक्ट्रोला द्या. मटेरियल व्हेंडरचं की आपलं, हेही लिहा. आपण बार देणार असू तर तो फक्त मजुरीचा रेट देईल.

वजनाचा हिशोब स्वतः करून ठेवा. डायाचा वर्ग भागिले १६२ केलं की गोल स्टील बारचं दर मीटर वजन किलोत मिळतं. २२ च्या बारला ते जवळपास ३ किलो येतं. पार्टिंग-फेसिंग धरून एका पिनला ९० मिमी बार लागतो, म्हणजे साधारण २७० ग्रॅम. कोटेशनमधला मटेरियलचा भाग यावरून लगेच ताडून पाहता येतो.

मेल

> विषय: कोटेशन हवे – हिंज पिन, डाया २० × ८५, ईएन ८, झिंक प्लेटेड, ५०० नग
>
> नमस्कार साहेब,
>
> सोबत हिंज पिनचे ड्रॉइंग (रेव्हिजन बी) जोडले आहे. कृपया आपला रेट कळवावा.
>
> मटेरियल: ईएन ८, आपल्याकडून. हीट नंबरसह टेस्ट सर्टिफिकेट आवश्यक. पर्यायी ग्रेड चालणार नाही.
>
> डाया २०: स्मॉल एच ९, म्हणजे २०.००० ते १९.९४८. हे माप प्लेटिंगनंतरचे आहे. लांबी ८५ ± ०.३. बाकी मापे ड्रॉइंगप्रमाणे.
>
> प्लेटिंग: झिंक, ८ ते १२ मायक्रॉन. एम १२ आट्यांवर गो रिंग गेज प्लेटिंगनंतर गेला पाहिजे.
>
> संख्या: आत्ता ५००, वर्षभरात अंदाजे २०००. दोन्हींचे रेट वेगळे द्यावेत.
>
> रेट मटेरियल, मशिनिंग आणि प्लेटिंग असा फोडून द्यावा. जीएसटी वेगळा दाखवावा. डिलिव्हरी आमच्या रबाळे येथील कारखान्यात पोच धरावी.
>
> आधी ५ नमुने व मापांचा रिपोर्ट, मंजुरीनंतर उरलेला लॉट. दोन्हींसाठी किती दिवस लागतील ते कळवावे.
>
> पेमेंट: माल स्वीकारल्यापासून ४५ दिवस. उद्यम नोंदणी असल्यास प्रत जोडावी.
>
> शंका बुधवारपर्यंत विचाराव्यात, कोटेशन शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवावे.

४५ दिवस मी उगाच लिहिलेले नाहीत. एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी यापेक्षा जास्त थांबवता येत नाही. लहान वर्कशॉपवाला पैसे अडकणार हे धरूनच रेट चढवतो, तेव्हा जे पाळणार तेच लिहा.

एखाद्या व्हेंडरने शंका विचारली तर उत्तर त्या एकट्याला न देता सगळ्यांना पाठवा, नाहीतर रेट पुन्हा वेगवेगळ्या पार्टचे येतात. कोणीच काही विचारलं नाही आणि एक रेट फारच खाली आला, तर फोन करून दोनच गोष्टी विचारा: प्लेटिंग कुठे करून घेणार, आणि डाया कशाने मोजणार? प्लेटिंग बहुतेक जण बाहेरच देतात, त्यात गैर काही नाही. पण डाया व्हर्नियरने मोजतो म्हणाला तर थांबा. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२ असतो आणि इथे एकूण सूटच ०.०५२ आहे. मायक्रोमीटर नसलेल्याकडे हा पिन देऊ नका.