उपग्रह चित्रातल्या तलावाचं क्षेत्रफळ पिक्सेल मोजून कसं काढावं

या कामासाठी जे सल्ले दिले जातात ते बहुतेक एका वाक्यात संपतात: पट्टीवरून एका पिक्सेलची लांबी काढा, पाण्याचे पिक्सेल मोजा, गुणाकार करा. हे खोटं नाही. पण उत्तर चुकतं ते गुणाकारात नाही, काठावर चुकतं, आणि काठाबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून बाकीचं मी भराभर सांगतो आणि काठापाशी थांबतो.

खाली सगळी उदाहरणं GIMP या चित्रं संपादित करायच्या प्रोग्राममधली आहेत, कारण तो फुकट मिळतो. चित्र PNG मध्ये ठेवा. JPEG साठवताना नेमका काठच पुसट होतो.

आधी प्रमाण. चित्राच्या कोपऱ्यात किलोमीटरची पट्टी असते, ती चित्र मोठं करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पिक्सेलमध्ये मोजा. आपल्या उदाहरणात २ किलोमीटरची पट्टी १६० पिक्सेल भरली. म्हणजे एक पिक्सेल १२.५ मीटर, आणि त्याचं क्षेत्रफळ १२.५ × १२.५ = १५६.२५ चौरस मीटर. वर्ग करायला विसरू नका. पट्टी मोजल्यावर चित्राचा आकार बदलू नका. बदललाच तर पट्टी पुन्हा मोजा. पट्टी जितकी लांब तितकं बरं. १६० पिक्सेलच्या पट्टीत एका पिक्सेलची चूक झाली तर क्षेत्रफळात सव्वा टक्का फरक पडतो. पट्टी ४० पिक्सेलचीच असेल तर तीच चूक पाच टक्क्यांवर जाते, कारण लांबीतली चूक क्षेत्रफळात दुप्पट होऊन येते.

एक अट तपासाच: पिक्सेल जमिनीवर चौरस आहे का? काही संकेतस्थळं नकाशा सरळ अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत मांडतात. NASA Worldview वर सुरुवातीला असाच नकाशा दिसतो. त्यात पूर्व-पश्चिम अंतर ताणलेलं असतं. विषुववृत्तापाशी फरक पडत नाही, २० अंशांवर सुमारे सहा टक्के पडतो, आणि ६० अंशांवर पिक्सेलची खरी रुंदी उंचीच्या निम्मीच उरते. अशा चित्रात उभी आणि आडवी लांबी वेगवेगळी काढून त्यांचा गुणाकार करायचा.

आता काठ. चित्र खूप मोठं करून किनाऱ्याकडे पाहा. पाणी संपलं आणि जमीन सुरू झाली अशी रेघ कुठेच दिसणार नाही. मध्ये दोन-तीन पिक्सेलचा करडा पट्टा असतो. ज्या पिक्सेलमध्ये थोडं पाणी आणि थोडी जमीन आली, त्याची छटा दोन्हींच्या मधली होते. शिवाय पडद्यावरचा पिक्सेल हा उपग्रहाचा पिक्सेल असेलच असं नाही. Landsat उपग्रहाचं ३० मीटरचं चित्र ताणून १२.५ मीटरवर दाखवलं असेल तर मधले पिक्सेल संगणकाने अंदाजाने भरलेले असतात. चित्र मोठं केल्याने नवी माहिती येत नाही, फक्त करडा पट्टा रुंद दिसतो.

या पट्ट्यातून लॅसो, म्हणजे हाताने रेघ ओढून भाग निवडायचं साधन, फिरवू नका, हे मी अगदी ठामपणे सांगतो. हात नकळत पाण्याच्या बाहेरून जातो आणि तलाव फुगतो. दोनदा लॅसो फिरवून आकडे सारखे आले म्हणून बरोबर ठरत नाहीत. दोन्ही वेळा हात एकाच बाजूला झुकलेला असतो. सीमा छटेच्या आकड्यावर ठरवा.

त्यासाठी चित्र Image > Mode > Grayscale ने करडं करा. तलावाच्या मध्यावर पाण्याची छटा बघा आणि काठापासून थोडं आत जमिनीची. ० ते २५५ च्या मापात पाणी ३० आणि जमीन ११० आली असं धरू. मधला आकडा ७०. ज्या पिक्सेलची छटा ७० आहे त्यात साधारण अर्धं पाणी आहे, म्हणून त्याहून गडद ते पाणी आणि फिकट ती जमीन असं धरलं की काठावरच्या चुका बऱ्याचशा एकमेकींना खोडतात. Colors > Threshold मध्ये ० ते ७० ही मर्यादा द्या. पाणी पांढरं होईल. मग एकाच रंगाचे चिकटलेले पिक्सेल निवडणारं Fuzzy Select हे साधन घ्या, त्यातलं Antialiasing आणि Feather edges बंद करा आणि तलावावर क्लिक करा. दूरच्या सावल्या पांढऱ्या झाल्या असल्या तरी तलावाला चिकटलेल्या नसल्याने निवडल्या जात नाहीत. बेटंही आपोआप बाहेर राहतात. उन्हाच्या चकाकीने पाण्यात पडलेली भोकं मात्र Shift दाबून जोडून घ्या. Histogram च्या खिडकीत Pixels समोर आकडा दिसेल.

इथे थांबू नका. मूळ करड्या चित्रावर परत जा आणि हेच ४० ला व मग १०० ला करा. पहिल्यात नक्की पाणी असलेलेच पिक्सेल येतात, दुसऱ्यात जरा शंका असलेलेही. आपल्या तलावाचे आकडे असे:

४० ला १९,१७० पिक्सेल, म्हणजे ३.०० चौरस किलोमीटर.
७० ला १९,५२० पिक्सेल, म्हणजे ३.०५.
१०० ला १९,९६० पिक्सेल, म्हणजे ३.१२.

उत्तर ३.०५ चौरस किलोमीटर, म्हणजे ३०५ हेक्टर, आणि काठामुळे ५ ते ७ हेक्टर इकडेतिकडे. पट्टीच्या सव्वा टक्क्याचे आणखी चार हेक्टर धरा. याहून बारीक आकडा लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तिन्ही आकडे एकमेकांपासून फार लांब गेले तर किनारा सगळीकडे सारखा नाही असं समजा. एका बाजूला कोरडी वाळू १७० आणि दुसऱ्या बाजूला ओला चिखल ६० असेल, तर ७० ची मर्यादा चिखलालाही पाणी ठरवते. अशा वेळी तलावाचे दोन भाग करा आणि प्रत्येकाचा मधला आकडा वेगळा काढा: वाळूकडे १००, चिखलाकडे ४५.

पुराच्या पाण्यात हीच अडचण सगळीकडे येते, कारण गढूळ पाणी आणि ओली माती साध्या रंगीत चित्रात एकाच छटेची दिसतात. तिथे नजीकच्या अवरक्त पट्ट्याचं चित्र घ्या. Sentinel-2 उपग्रहाच्या चित्रांत तो B08, आणि त्याचा पिक्सेल १० मीटरचा असतो. पाणी हा प्रकाश शोषून घेतं म्हणून ते जवळजवळ काळं दिसतं, माती आणि झाडं उजळ राहतात. मात्र पाण्यावर पसरलेली वनस्पती आणि बुडालेल्या झाडांचे शेंडेही उजळ दिसतात, म्हणजे त्यांच्याखालचं पाणी मोजणीतून सुटतं. ढगांची सावली उलट पाण्यासारखी काळी दिसते. तिच्या शेजारी तिच्याच आकाराचा ढग असतो, त्यावरून ती ओळखा.

छोट्या डबक्यांसाठी ही पद्धत वापरू नका. १० × १० पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यात १०० पैकी ३६ पिक्सेल काठावरचेच असतात. सगळे शंकास्पद धरले तर उत्तर ६४ आणि १०० च्या मध्ये कुठेही असू शकतं.

पुरापूर्वीचं आणि नंतरचं चित्र ताडून पाहायचं असेल तर दोन्ही एकाच उपग्रहाची, एकाच पट्ट्याची आणि एकाच प्रमाणाची घ्या. मधला आकडा मात्र प्रत्येक चित्रात नव्याने काढा, कारण उजेड आणि धुकं बदललं की छटाही सरकतात. वरच्या तलावाचं क्षेत्रफळ दुसऱ्या चित्रात ३१० हेक्टर आलं, तर पाणी पसरलं असं म्हणू नका. ३६० आलं, तर म्हणा.