हेड वेटरचा वार्षिक आढावा: समोर बसण्याआधी काय तयार हवं

मागच्या वर्षी मी आमच्या हेड वेटरना समोर बसवलं आणि म्हणालो, "तुमचं फ्लोअरवर लक्ष कमी पडतंय." त्यांनी शांतपणे विचारलं, "कधी?" माझ्याकडे सांगायला एकच प्रसंग होता, तोही आठ दिवसांपूर्वीचा: शनिवारी रात्री एका टेबलाचं जेवण पाऊण तास उशिरा गेलं होतं. ते म्हणाले, "त्या दिवशी किचनमध्ये माणूस कमी होता. रजा तुम्हीच दिली होती." संपलं. म्हणून ही यादी.

बंद दाराची खोली, दुपारची सर्व्हिस आवरल्यानंतरची वेळ, फोन बंद. हे सांगायला नकोच. आठवडाभर आधी कळवा आणि वर्ष कसं गेलं ते त्यांनाही लिहून आणायला सांगा.

आता खरी गोष्ट: तारखेसकट उदाहरणं. आठवणीतली नाहीत, कागदावरची. शिफ्टची नोंदवही, तक्रारवही, ड्युटीचा तक्ता आणि बिलिंगमधून रद्द झालेल्या पदार्थांची यादी घेऊन दोन तास बसा. प्रत्येक निकषाला निदान एक चांगलं आणि एक कमी पडल्याचं उदाहरण हवं, आणि एकूण उदाहरणांपैकी निम्मी तरी वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांतली हवीत. नाहीतर तुम्ही वर्षाचा नाही, मागच्या शनिवारचा आढावा घ्याल. मी तेच केलं होतं.

निकष चारच ठेवा: सेक्शनची वाटणी, सर्व्हिसआधीचं ब्रीफिंग, तक्रार हाताळणं, नव्यांना तयार करणं. ते स्वतः किती सफाईने वाढतात हे यात नाही, कारण हेड वेटरचं काम दुसऱ्यांच्या हातून दिसतं. विक्रीचा आकडाही नको. मेनू, दर आणि गर्दी त्यांच्या हातात नसते. टिपवरून तर अजिबात मोजू नका.

उदाहरण कागदावर असलं की बोलणं कसं बदलतं ते यंदा दिसलं. तीन महिन्यांत 62 पदार्थ ऑर्डर गेल्यावर रद्द झाले होते. मागच्यासारखा असतो तर "निष्काळजीपणा" म्हणून मोकळा झालो असतो. कारणं वेगळी काढली: 21 वेळा पाहुण्यांनी मत बदललं, 14 वेळा किचनमध्ये पदार्थ संपला होता, 27 वेळा ऑर्डरच चुकीची गेली. या 27 पैकी 16 दोन नव्या मुलांच्या टेबलांवरच्या. तारखा ड्युटीच्या तक्त्याशी ताडून पाहिल्या, तर दोघांनाही चौथ्याच दिवशी मोठा सेक्शन एकट्याने दिलेला. सेक्शन वाटतं कोण? हेड वेटर. आता बोलायला ठोस काही होतं, आणि या वेळी "कधी?" विचारल्यावर मी तारखा पुढे सरकवल्या. ते बराच वेळ तक्ता बघत राहिले, मग म्हणाले, "त्या आठवड्यात दोन जुनी मुलं सोडून गेली होती." तेही खरं होतं. तेही लिहून घेतलं.

उद्दिष्ट यातूनच निघालं. "टीम सुधारा" हे उद्दिष्ट नव्हे. आमचं असं ठरलं: नवा मुलगा पहिले दोन आठवडे जुन्या वेटरच्या मागे राहील, मग त्याला लहान सेक्शन मिळेल, टेबलावरून निघण्याआधी प्रत्येक जण ऑर्डर पाहुण्यांना परत वाचून दाखवेल, पुढच्या तीन महिन्यांत चुकीच्या ऑर्डरी 27 वरून 15 च्या आत येतील. माझ्या बाजूने, गर्दीच्या आठवड्यात नवा माणूस रुजू करून घ्यायचा नाही. एक सावधगिरी: आकड्याला उद्दिष्ट लावलं की माणसं कारण बदलून लिहितात. चुकीच्या ऑर्डरी घटल्या आणि "पाहुण्यांनी मत बदललं" नेमकं तेवढंच वाढलं, तर काहीच सुधारलेलं नाही, फक्त बटण वेगळं दाबलं जातंय.

प्रत्यक्ष बोलताना आधी त्यांना बोलू द्या. चांगलं उदाहरणही तारखेनिशी सांगा. "छान काम करता" याला कुणी धरून बसत नाही. मधेच "सगळेच म्हणतात" असं तोंडून निघालं तर थांबा, कारण त्याचा अर्थ तुमच्याकडे उदाहरण नाही. पगाराचा विषय दुसऱ्या दिवशी. एकदा तो निघाला की बाकीचं कुणाला ऐकू येत नाही.

शेवटी ठरलेलं लिहा, दोघांच्या सह्या, एक प्रत त्यांना, तीन महिन्यांनंतरची भेट कॅलेंडरवर. बस.

आणि त्याच संध्याकाळी वहीचं नवं पान उघडा. आठवड्याला दोन ओळी पुरतात: काय झालं आणि कोणत्या तारखेला. तारीख विसरू नका.