क्लासची वही एक म्हणते, पुस्तक दुसरंच: रिव्हिजन नोट्स पक्क्या करण्याआधी काय करायचं

डिसेंबरात कापसाच्या वेचणीतून वेळ काढून बारावीची पोरं फेअर नोट्स लिहायला बसतात, आणि पहिल्या आठवड्यातच कोणीतरी वही घेऊन माझ्या ओसरीवर येतं. यंदा आलेल्या पोरीनं दोन पानं समोर ठेवली. तालुक्याच्या क्लासमध्ये फिजिक्सच्या तासाला उतरवलेलं होतं ΔU = Q − W. केमिस्ट्रीच्या पुस्तकात होतं ΔU = Q + W. "सर, आता यातलं खोडू कोनतं?"

खोडायचं काहीच नव्हतं. पण ते ठरवायला आम्हाला अर्धा तास लागला. त्याच अर्ध्या तासाची पद्धत इथे लिहितो आहे.

आधी हातातलं पुस्तक चालू अभ्यासक्रमाचं आहे का ते बघा. आपल्याकडे पुस्तक चुलतभावाकडून, त्याला मामेबहिणीकडून असं फिरत येतं. राज्य मंडळाची बारावीची पुस्तकं 2020 साली बदलली, त्याआधीचं पुस्तक असेल तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात. नवं पुस्तक बालभारतीच्या ebalbharati.in या साइटवरून फुकट उतरवता येतं. गावात रेंज नसेल तर तालुक्याला गेल्यावर एकदा मोबाइलमध्ये घेऊन ठेवा.

मग वहीचं शेवटचं पान उघडा आणि पेन्सिलीनं नोंद करा: वहीचं पान, पुस्तकाचं पान, दोघं काय म्हणतात. बस. या टप्प्यावर निकाल देऊ नका आणि फेअर वहीत काहीच उतरवू नका. एक धडा पूर्ण तपासून झाला की मगच निकालाला बसा, कारण पुष्कळदा पुढच्याच पानावर खुलासा सापडतो.

आता मुख्य काम. भांडणातलं प्रत्येक अक्षर शब्दांत लिहायचं. ती पोरगी "W म्हणजे काम" म्हणून थांबली. कोणी केलेलं काम? फिजिक्सच्या पानावर, सूत्राच्या वर, लिहिलेलं होतं: वायूनं बाहेरच्या जगावर केलेलं काम. केमिस्ट्रीच्या पुस्तकात त्याच धड्यात W = −PΔV असं आहे, आणि हा P बाहेरचा दाब. म्हणजे तिथे W हे वायूवर झालेलं काम आहे. वायू प्रसरण पावला की ते ऋण येतं. अक्षर एकच, पण अर्थ उलटा.

पण शब्दांवर विसंबू नका, एक आकडा दोन्हीकडून चालवून बघा. आम्ही असा घेतला: सिलिंडरमधल्या वायूला 500 J उष्णता दिली, बाहेरचा दाब 1 बार, आणि वायूचं आकारमान 2 लिटरनं वाढलं. 1 बार म्हणजे 10⁵ Pa आणि 2 लिटर म्हणजे 2 × 10⁻³ घनमीटर, म्हणून PΔV = 200 J.

फिजिक्सच्या रीतीनं W = +200, म्हणून ΔU = 500 − 200 = 300 J.
केमिस्ट्रीच्या रीतीनं W = −200, म्हणून ΔU = 500 + (−200) = 300 J.

वायूच्या खिशात पाचशे आले, दट्ट्या ढकलण्यात दोनशे गेले, तीनशे उरले. सूत्र कसंही लिहा, खिशात तेवढेच. शेवटचं उत्तर जुळलं की समजायचं, हा रीतीचा फरक आहे, चूक कोणाचीच नाही. खरी चूक कुठे होते तेही तिथेच दिसलं. तिनं आधी एका उदाहरणात ΔU = Q + W घेतलं होतं आणि W मात्र फिजिक्सच्या सवयीनं धन ठेवला होता. तसं इथे केलं तर 700 J येतं. दिलेल्या उष्णतेपेक्षा जास्त ऊर्जा वायूत साठली, तीही वायूनं स्वतः काम करून! असं उत्तर आलं की दोन रीतींची खिचडी झाली, हे ओळखायचं.

फेअर वहीत मग दोन्ही ठेवायचं, पण आपापल्या विषयात, आणि सूत्राच्या वर एक ओळ: "इथे W = वायूनं केलेलं काम" किंवा "इथे W = वायूवर झालेलं काम". दोन्ही विषय एकाच रीतीत बसवायचा शहाणपणा करू नका. पेपर ज्या विषयाचा, रीत त्याच विषयाची.

दुसऱ्या प्रकारात रीत एकच असते, अट वेगळी असते. एस.टी.पी.ला एक मोल वायूचं आकारमान वहीत 22.4 लिटर, दुसऱ्या संदर्भपुस्तकात 22.7. इथे आकडा बघू नका, त्याच्या शेजारचा दाब शोधा. जुनी व्याख्या 0 °C आणि 1 अॅटमॉस्फिअरची. आययुपॅकनं 1982 मध्ये दाब 1 बार केला. बार अॅटमॉस्फिअरपेक्षा जरासा कमी, म्हणून आकारमान जरासं जास्त. pV = nRT मध्ये दोन्ही दाब टाकून बघा, 22.4 आणि 22.7 दोन्ही निघतात. नोट्समध्ये आकडा कधीच एकटा लिहू नका, दाब सोबत लिहा. आणि बोर्डाच्या पेपरासाठी बोर्डाच्या पुस्तकातला आकडा.

तिसरा प्रकार म्हणजे निव्वळ चूक. सोयाबीनच्या सोंगणीत तास बुडालेले असतात आणि मैत्रिणीच्या वहीतून रात्री भराभर उतरवलेलं असतं, तिथे ती जास्त सापडते. या पोरीच्या वहीत पहिल्या कोटीच्या अभिक्रियेसाठी असं होतं:

k = (2.303/t) ln([A]₀/[A])

पुस्तकात ln च्या जागी log₁₀. इथे "दोन्ही बरोबर असतील" म्हणून सोडू नका, पुन्हा आकडा चालवा. अर्धायुकाल घ्या, म्हणजे [A]₀/[A] = 2. log₁₀ 2 = 0.3010, त्याला 2.303 नं गुणलं की 0.693. याच धड्यात k = 0.693/t½ दिलेलं आहे, जुळलं. वहीतल्या सूत्रात मात्र ln 2 म्हणजे आधीच 0.693, त्याला पुन्हा 2.303 नं गुणलं की 1.596. जुळत नाही. 2.303 हा आकडाच मुळी ln चं log₁₀ करताना येतो, तो ln सोबत असूच शकत नाही. हे मात्र खोडायचं, शाईनं, आणि शेजारी बरोबर सूत्र लिहायचं.

चूक दर वेळी वहीचीच असते असंही नाही. पुस्तकाच्या उदाहरणातही छपाईत एखादं चिन्ह गळतं. म्हणून वरचा आकडा दोघांनाही लावायचा, पुस्तकाला सूट नाही.

एवढं करूनही दोन-तीन नोंदी उरतात. त्या घेऊन सरांकडे जाताना "सर, खरं कोणतं?" असं विचारू नका. तासानंतरच्या गडबडीत "पुस्तकातलं घे" एवढंच ऐकायला मिळेल. पान उघडून, स्वतः चालवलेलं उदाहरण दाखवून विचारा: "सर, या पानावरच्या सूत्रानं 300 येते, वहीतल्यानं 700, माझं चिन्ह कुठं चुकलं?" अशा प्रश्नाला उत्तर द्यायला सर लालपरी चुकवूनही थांबतात, हे मी स्वतः थांबलोय म्हणून सांगतो.

तोवर ती ओळ फेअर वहीत पेन्सिलीतच राहू द्या, समोर प्रश्नचिन्ह काढून. त्या पोरीच्या वहीत अशा दोन ओळी अजून पेन्सिलीत आहेत. सोमवारी ती तालुक्याला जाणार आहे.